वीज अचानक गेल्यानंतर लॅपटॉपची डिस्क कशी तपासावी: आधी प्रत, मग दुरुस्ती

गेल्या मे महिन्यात एका रात्री चोपड्याहून माझ्या आतेभावाचा फोन आला. संध्याकाळी वळवाचा पाऊस आणि वादळ होऊन गेले होते आणि वीज चार वेळा जाऊन आली होती. ज्या लॅपटॉपमध्ये केळीच्या कटाईचा सगळा हिशोब होता, तो त्या प्रत्येक वेळी एका क्षणात बंद पडला होता, कारण फुगलेली बॅटरी त्याने महिनाभरापूर्वीच काढून ठेवली होती आणि लॅपटॉप नुसत्या अ‍ॅडाप्टरवर चालत होता. "दादा, पुरा हिशोब गया रे," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

हिशोब पुरता गेलेला नव्हता. मात्र त्या रात्री तो तीन गोष्टी करण्याच्या बेतात होता: विंडोजला आपोआप दुरुस्ती करू देणे, उघडत नसलेली फाइल पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीवर चढवणे आणि सकाळी लॅपटॉप दुकानात नेऊन फॉर्मॅट मारून आणणे. यांतल्या एखाद्या गोष्टीनेही खरे नुकसान झाले असते. पुढे दिलेला क्रम मी त्याच्या लॅपटॉपवर पाळलेला आहे, आणि ज्यांनी हे काम पूर्वी कधी केलेले नाही त्यांच्यासाठी तो तपशिलाने लिहीत आहे. तो विंडोज 10 किंवा 11 असलेल्या लॅपटॉपसाठी आहे.

## हानी नेमकी कुठे होते

वीज जाते तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बिघडू शकतात आणि त्यांची गल्लत झाली की उपाय चुकतो. पहिली गोष्ट म्हणजे फाइलींची मांडणी. आपण "सेव्ह" म्हटल्यावर मजकूर त्याच क्षणी डिस्कवर उतरतो असे नाही; तो काही काळ मेमरीत थांबतो आणि मग लिहिला जातो. विंडोज आपल्या नोंदवहीत फाइलचे नाव, आकार आणि जागा यांची नोंद जपून ठेवते, परंतु फाइलच्या आतल्या मजकुराची तशी हमी देत नाही. त्यामुळे नोंद पूर्ण झालेली आणि मजकूर मात्र न उतरलेला, अशी स्थिती होऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कचा स्वतःचा पृष्ठभाग किंवा चिप. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर एखादा सेक्टर, म्हणजे एका वेळी लिहिला जाणारा छोटा तुकडा, लिहिला जात असतानाच वीज तुटली, तर त्या सेक्टरमधला मजकूर आणि त्याची पडताळणी करणारा कोड एकमेकांशी जुळत नाहीत. मग डिस्क तो सेक्टर वाचू शकत नाही आणि त्याची "प्रलंबित" म्हणून नोंद करते. असा सेक्टर खराब झालेला असेलच असे नाही. तो कदाचित अर्धवट लिहिलेला असतो इतकेच. या फरकाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

विजेचा दाब वाढल्यामुळे डिस्क थेट जळण्याचे प्रकार त्या मानाने कमी दिसतात. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला 5 व्होल्ट आणि पट्टीसारख्या एसएसडीला 3.3 व्होल्ट मिळतात, तेही अ‍ॅडाप्टर आणि मदरबोर्ड यांच्यातून उतरत आल्यावर. म्हणून आधी अ‍ॅडाप्टर जातो, मग मदरबोर्ड, आणि लॅपटॉप पूर्ण बंद पडला तरी आतली डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. "लॅपटॉप जळला म्हणजे डेटाही गेला" हे कुणी सांगितले तर लगेच मान्य करू नये.

## जवळ काय असावे

- लॅपटॉपच्या डिस्कपेक्षा मोठी बाहेरची डिस्क. 1 टीबीच्या डिस्कसाठी 2 टीबीची घ्यावी. ती एनटीएफएस प्रकारात फॉर्मॅट केलेली असावी, कारण फॅट 32 प्रकारात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.
- दुसऱ्या संगणकावर तयार केलेला SystemRescue चा पेन ड्राइव्ह. ही मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली आहे आणि लागणारी साधने तिच्यात आधीच असतात.
- दुसऱ्या पेन ड्राइव्हवर डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या CrystalDiskInfo ची झिप स्वरूपातली, इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती.
- बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची 48 अंकी रिकव्हरी की. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात ही की मिळते. ती दुसऱ्या मोबाइलवरून काढून कागदावर लिहून ठेवावी.
- लॅपटॉपचे खरेदीचे बिल, वॉरंटी शिल्लक असल्यास.

तिसऱ्या आणि चौथ्या वस्तूबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. डेटा वाचवण्याचे कोणतेही साधन त्याच डिस्कवर डाउनलोड किंवा इन्स्टॉल करू नये, कारण ते ज्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत जाऊन बसेल तिथेच आपल्याला हवा असलेला मजकूर पडलेला असू शकतो. आणि पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, Secure Boot बंद करावे लागले, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागण्याची शक्यता असते. की हाताशी नसेल, तर सुस्थितीतली डिस्कही आपल्याला उघडता येत नाही.

## 1. वीज स्थिर होईपर्यंत लॅपटॉप सुरू करू नका

वादळानंतर पहिला तासभर वीज येत-जात राहते, आणि माझ्या अनुभवात खरे नुकसान पहिल्या झटक्यापेक्षा त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात होते. प्रत्येक वेळी विंडोज सुरू होताना डिस्कवर काही ना काही लिहीत असते आणि ते लिहिणे पुन्हा अर्धवट तुटते. म्हणून प्लग भिंतीतून काढून ठेवावा; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

प्लग पुन्हा लावण्यापूर्वी घरातले दिवे पाहावेत. काही बल्ब नेहमीपेक्षा लख्ख पेटत असतील, काही मंद असतील किंवा पंखा उगाच जोरात फिरत असेल, तर खांबावरची न्यूट्रल तार तुटलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी एकफेजच्या घरात 230 व्होल्टच्या जागी 400 व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि अ‍ॅडाप्टरवर छापलेली मर्यादा 240 व्होल्टची असते. वायरमनने तार जोडून दिल्याशिवाय लॅपटॉप लावू नये.

अ‍ॅडाप्टर जळका वास देत असेल, गुणगुणत असेल किंवा त्याचा दिवा लुकलुकत असेल, तर तो बाजूला ठेवावा. उसना अ‍ॅडाप्टर घेताना त्यावरचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असल्याची खात्री करावी.

## 2. सुरू करताना कानाने आणि डोळ्यांनी तपासा

लॅपटॉप सुरू करून कान डिस्कच्या बाजूला न्यावा. फिरणारी डिस्क सुरू होताना हलका घरघर आवाज येतो, तो साहजिक आहे. ठराविक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, तर वाचणारे टोक आपली जागा शोधू शकत नाही असे समजावे आणि त्या क्षणी लॅपटॉप बंद करावा. यापुढची कोणतीही पायरी अशा डिस्कवर घरी करू नये. ती डेटा परत मिळवण्याचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावी, आणि डिस्क घरी उघडून पाहण्याचा मोह तर अजिबात धरू नये.

आवाज ठीक असेल, तर विंडोज सुरू होण्यापूर्वी काळ्या पडद्यावर `To skip disk checking, press any key` असा संदेश काही सेकंद दिसू शकतो. इथेच बहुतेक लोक हात जोडून बसतात. आतेभावाचा फोन आला तेव्हा हाच संदेश त्याच्यासमोर होता. मी त्याला म्हटले, "आधी कोणतेही बटण दाब, मग बोलू." ही तपासणी वाईट असते असे नाही; परंतु ती दुरुस्ती करताना डिस्कवर लिहिते, न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकते आणि मालक न सापडलेले तुकडे `found.000` नावाच्या फोल्डरमध्ये `FILE0000.CHK` अशा नावांनी टाकते. प्रत काढलेली नसताना झालेली ही साफसफाई परत फिरवता येत नाही.

बटण दाबण्याची संधी हुकली आणि `Scanning and repairing drive` असे टक्क्यांसह सुरू झाले, तर टक्के पुढे सरकत असेपर्यंत मध्येच वीज तोडू नये. अर्धवट दुरुस्ती ही अर्धवट लिहिण्यापेक्षाही वाईट. टक्के कित्येक तास एकाच आकड्यावर अडकले असतील आणि डिस्कचा आवाजही बदलला असेल, तेव्हाच पॉवरचे बटण दाबून धरावे.

विंडोज सुरू झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून या दोन ओळी द्याव्यात. पहिली ओळ डिस्कवर "अस्वच्छ" अशी खूण लागली आहे का ते नुसते सांगते. दुसरी पुढच्या वेळची आपोआप तपासणी थांबवते.

```
fsutil dirty query C:
chkntfs /x C:
```

## 3. डिस्कची प्रकृती वाचा

पेन ड्राइव्हवरूनच CrystalDiskInfo चालवावे. ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवते. वर निळा चौकोन आणि `Good` दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये आणि पिवळ्या `Caution` ने घाबरूनही जाऊ नये. खालची यादी पाहावी.

हार्ड डिस्कसाठी तीन ओळी पुरतात. `05` म्हणजे खराब ठरवून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले ते. `C5` म्हणजे प्रलंबित, न वाचता आलेले सेक्टर. `C6` म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर. शेवटच्या रकान्यातला आकडा पाहावा, आणि इथे एक फसगत ठरलेली आहे: तो आकडा मुळात षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटाने मोजणाऱ्या पद्धतीने लिहिलेला असतो. आतेभावाच्या डिस्कवर `C5` समोर `000000000010` होते. ते दहा नव्हते, सोळा होते. मेनूत Function, Advanced Feature, Raw Values असे जाऊन 10 [DEC] निवडले की नेहमीचे आकडे दिसतात.

त्याच्या डिस्कवर `05` शून्य होते, `C5` सोळा आणि `C6` सोळा. आजच्या डिस्कांवर प्रत्यक्षातला सेक्टर 4096 बाइटचा असतो आणि तो विंडोजला 512 बाइटचे आठ सेक्टर म्हणून दाखवला जातो. म्हणून सोळा हा आकडा भीतीदायक वाटला, तरी तो फक्त दोन जागांचा होता. वीज चार वेळा गेली होती हे लक्षात घेतले, तर दोन जागी लिहिणे अर्धवट तुटले असावे, हा अंदाज बसत होता. मात्र अंदाजावर हिशोबाची वही सोपवता येत नाही, म्हणून पुढची पायरी डिस्क मरणार आहे असे धरूनच केली.

पट्टीसारखी, म्हणजे एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर यादी वेगळी असते, आणि तिथल्या `05` चा अर्थ वापरून झालेले आयुष्य असा आहे, खराब सेक्टर असा नाही. तिच्यात `01` ही धोक्याची सूचना आणि `0E` ही डेटातील चुकांची संख्या, हे दोन्ही शून्य असावेत. `0D` हा आकडा अचानक बंद पडण्याच्या घटना मोजतो; तो वाढलेला दिसणारच, त्याची काळजी करू नये. एसएसडी एक गोष्ट हार्ड डिस्कपेक्षा वाईट करते: ती आवाज करत नाही आणि पूर्वसूचना न देता एकदम नाहीशी होऊ शकते. वीज गेल्यानंतर एसएसडी बायोसमध्येच दिसेनाशी झाली, तर लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर अर्धा तास तसाच सुरू ठेवून, मग पूर्ण बंद करून पुन्हा पाहावे. आतला पत्त्यांचा तक्ता पुन्हा उभा करायला काही एसएसडींना एवढा वेळ लागतो आणि मग त्या परत दिसू लागतात. दिसली तर त्या संधीत आधी प्रत काढून घ्यावी.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही डोकावावे. तिथे `Kernel-Power` आणि क्रमांक 41 अशी नोंद दिसली, तर ती वीज गेल्याची पावती आहे, बिघाडाची नव्हे. `disk` या नावाने क्रमांक 7 दिसला, तर मात्र डिस्कला एखादी जागा वाचता आलेली नाही.

## 4. प्रत काढा

इथे वाट दुभंगते. `C5` आणि `C6` शून्य असतील, तर विंडोजमधूनच महत्त्वाची फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत. नेहमीच्या कॉपी-पेस्टऐवजी पुढची ओळ वापरावी. फोल्डरची नावे आपापली लिहावीत.

```
robocopy "C:\Users\hisab" "E:\prat" /E /XJ /R:1 /W:1
```

शेवटच्या दोन खुणा विसरू नयेत. त्या दिल्या नाहीत, तर न वाचता येणाऱ्या एकेका फाइलवर हा आदेश दर तीस सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतो आणि आजारी डिस्क त्याच जागी रगडली जाते.

`C5` शून्य नसेल, तर विंडोजला त्या डिस्कपासून दूरच ठेवावे. मी दुसऱ्या दिवशी यावलमार्गे चोपड्याला पोहोचलो, लॅपटॉप SystemRescue च्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला आणि आधी कोणती डिस्क कोणत्या नावाने दिसते ते पाहिले.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL
```

ही ओळ दिल्यावर घाई करू नये. कुठून कुठे लिहायचे याची नावे उलटी झाली, तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर चढेल आणि मग काहीच उरणार नाही. आकार आणि मॉडेल पाहून दोन्ही नावे मी कागदावर लिहिली आणि आतेभावाकडून मोठ्याने वाचून घेतली. लॅपटॉपची डिस्क `sda` होती, बाहेरची 2 टीबीची `sdc`.

```
ntfs-3g /dev/sdc1 /mnt
ddrescue -n /dev/sda /mnt/disk.img /mnt/disk.map
ddrescue -d -r3 /dev/sda /mnt/disk.img /mnt/disk.map
```

पहिली फेरी सहज वाचता येणारे सगळे आधी उचलते आणि अडलेल्या जागा सोडून पुढे जाते. दुसरी फेरी फक्त त्या अडलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न करते. `disk.map` ही फाइल म्हणजे कुठपर्यंत वाचले त्याची खूणचिठ्ठी. मध्ये वीज गेली, तर बाहेरची डिस्क त्याच जागी जोडून तीच ओळ पुन्हा द्यावी. काम तिथूनच पुढे चालते. हे काम बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर किंवा इन्व्हर्टरच्या बोर्डावर करावे. आमच्या लॅपटॉपला बॅटरी नसल्याने तो आणि बाहेरची डिस्क आम्ही शेजारच्या घरातल्या इन्व्हर्टरवर लावली.

आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खोलीतच 42 अंश असताना सतत चार तास वाचणारी डिस्क सहज 55 अंशांच्या पुढे जाते, आणि लॅपटॉपच्या हार्ड डिस्कांची मर्यादा साधारण 60 अंशांची असते. म्हणून आम्ही काम रात्री सुरू केले, लॅपटॉपची खालची झडप काढून तो दोन विटांवर टेकवला आणि टेबल फॅन डिस्ककडे वळवला. अधूनमधून दुसऱ्या खिडकीत `smartctl -A /dev/sda` देऊन तापमानाची ओळ पाहत राहिलो. ते 50 च्या वर गेले की `Ctrl+C` ने थांबायचे, डिस्क निवू द्यायची आणि पुन्हा तीच ओळ द्यायची, असे दोनदा करावे लागले.

पहाटे अडीचला 1 टीबीपैकी फक्त 8192 बाइट न वाचलेले राहिले. सोळा सेक्टर, प्रत्येकी 512 बाइट. `C5` ने जे सांगितले होते त्याच्याशी ते तंतोतंत जुळत होते आणि त्यापेक्षा जास्त काही बिघडलेले नव्हते.

## 5. प्रतीतून फाइली काढा आणि आत पाहा

मूळ डिस्क आता बाजूला ठेवावी आणि पुढचे सगळे काम प्रतीवर करावे. प्रत नुसती वाचण्यापुरती उघडण्यासाठी SystemRescue मध्येच पुढच्या ओळी द्याव्यात. पहिली ओळ जे नाव दाखवेल ते तिसरीत वापरावे. विंडोजचा भाग बहुतेक वेळा तिसरा असतो.

```
losetup -r -P -f --show /mnt/disk.img
mkdir /prat
ntfs-3g -o ro /dev/loop1p3 /prat
```

फाइली दिसल्या म्हणजे त्या आहेत असे समजण्याची चूक मात्र करू नये. आतेभावाची कटाईची एक्सेल फाइल जागेवर होती, नाव बरोबर होते आणि आकारही नेहमीसारखा, पावणेदोन एमबीचा होता. ती उघडत मात्र नव्हती. एका दुसऱ्या चांगल्या लॅपटॉपवर ती नेऊन पॉवरशेलमध्ये तिच्या सुरुवातीचे बाइट पाहिले.

```
Format-Hex -Path "E:\prat\katai.xlsx" | Select-Object -First 4
```

पासवर्ड न लावलेली कोणतीही धडधाकट `xlsx` किंवा `docx` फाइल `50 4B` ने सुरू होते. इथे पहिल्या ओळीपासून `00 00 00 00` होते आणि शेवटपर्यंत तेच. वर सांगितलेली स्थिती ती हीच: नोंद झाली, मजकूर उतरला नाही. अशा फाइलवर दुरुस्तीचे कोणतेही सॉफ्टवेअर चालत नाही, कारण दुरुस्त करण्यासारखे तिच्यात काही नसतेच. "शंभर टक्के दुरुस्ती" म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून इथे जपावे.

याच फाइलची नऊ दिवसांपूर्वीची चांगली प्रत त्याच्या पेन ड्राइव्हवर होती. फोनवर बोलत असतानाच तो "निदान आहे ती फाइल तरी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतो" म्हणाला होता, आणि विंडोजने जुनी फाइल बदलू का असे विचारलेही होते. तिथे "हो" म्हटले असते, तर पावणेदोन एमबीच्या शून्यांनी एकमेव चांगली प्रत पुसली असती. म्हणून अशा प्रसंगानंतर जुन्या बॅकअपवर काहीही चढवू नये. नवी प्रत तारखेच्या नव्या फोल्डरमध्येच ठेवावी. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह आपोआप जुळवणी करत असेल, तर ती थांबवावी किंवा इंटरनेट बंद करावे. शून्यांची फाइल तिथे चढलीच असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर त्या फाइलची आधीची आवृत्ती काही दिवस उपलब्ध असते, ती लगेच उतरवून घ्यावी.

मधल्या नऊ दिवसांचा हिशोब आम्ही काट्यावरच्या वजनपावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले गाड्यांचे आकडे समोर ठेवून पुन्हा भरला. त्याला दोन दिवस लागले.

## 6. मग दुरुस्ती

ज्यांच्या डिस्कवर `C5` शून्य होते आणि प्रत हातात आलेली आहे, त्यांनी आता विंडोजमध्ये तपासणी करावी.

```
chkdsk C: /scan
chkdsk C: /f
```

पहिली ओळ विंडोज चालू असतानाच तपासते. तिने काही सांगितले तरच दुसरी द्यावी. ती पुढच्या वेळी सुरू होताना दुरुस्ती करेल. `/r` ही खूण अनेक जण डोळे झाकून लावायला सांगतात. तिने संपूर्ण डिस्क इंचाइंचाने वाचली जाते आणि त्याला कित्येक तास लागतात. खराब होत चाललेल्या डिस्कवर, प्रत नसताना, ती चालवणे म्हणजे उरलेला श्वास खर्च करणे आहे. शिवाय `/r` प्रलंबित सेक्टरवर पुन्हा लिहीत नाही, फक्त ती जागा वापरायची नाही अशी नोंद करते, म्हणून `C5` चा आकडा त्याने खाली येत नाही.

## 7. डिस्क ठेवायची की बदलायची

याचे उत्तर त्या सेक्टरवर पुन्हा लिहिल्यानंतरच मिळते. आतेभावाच्या लॅपटॉपमध्ये आम्ही नवी एसएसडी बसवली आणि सगळ्या फाइली दोन आठवडे वापरून खात्री झाल्यावर जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला लावली. फॉर्मॅट करताना `Quick Format` समोरची खूण काढली. तशा पूर्ण फॉर्मॅटमध्ये विंडोज प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते, आणि प्रलंबित सेक्टरबद्दल निर्णय घेणे डिस्कला भाग पडते. लिहिणे जमले, तर `C5` कमी होतो आणि `05` जिथल्या तिथे राहतो: सेक्टर केवळ अर्धवट लिहिलेला होता. लिहिणे जमले नाही, तर `05` वाढतो: तिथला पृष्ठभाग खरोखर गेलेला आहे.

आमच्या डिस्कवर `C5` शून्यावर आला आणि `05` शून्यच राहिला. तरीही मी तिला मुख्य डिस्क म्हणून पुन्हा वापरू दिले नाही. ती आता फक्त दुसऱ्या प्रतीसाठी आहे, आणि महिन्यातून एकदा तो हे दोन आकडे फोटो काढून मला पाठवतो. `05` वाढलेला असता, तर ती डिस्क मी त्या कामासाठीही ठेवली नसती.

डिस्क वॉरंटीत बदलून घ्यायची असेल, तर जुनी डिस्क परत मिळत नाही आणि तिच्यावरचा डेटा कुणी काढून देत नाही, हे देण्यापूर्वी लक्षात घ्यावे. दुकानात लॅपटॉप देताना "माझ्याकडे प्रत निघेपर्यंत फॉर्मॅट करू नका" हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले टेबलावर बसणाऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

## 8. पुन्हा लावण्यापूर्वी

आतेभावाच्या घरात तीन गोष्टी बदलल्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे नवी बॅटरी. ती दोन हजारांच्या आसपास मिळाली, आणि तिच्यामुळे वीज कितीही वेळा गेली तरी लॅपटॉपला ते कळतही नाही. फुगलेली बॅटरी काढणे योग्यच होते, पण तिच्याविना लॅपटॉप चालवणे योग्य नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे अर्थिंग. त्याच्या एक्स्टेंशन बोर्डाला तिसरी तारच जोडलेली नव्हती, आणि अर्थिंग नसेल तर दाब अडवणारा महागडा बोर्डही आपले काम पूर्णपणे करू शकत नाही. वायरमनकडून ते आधी करून घेतले आणि मगच असा बोर्ड आणला. तिसरी म्हणजे पेन ड्राइव्ह दोन झाले: एक सोमवारचा आणि एक गुरुवारचा. फाइल घेताना तो आधी ती उघडून शेवटच्या गाडीचे वजन पाहतो, मगच पेन ड्राइव्ह लावतो.